रिमोट नसला तरी

रिमोट सापडेना म्हणून शेजारच्या काकू या आठवड्यात मालिकेला मुकल्या, तेव्हा मी आधी टीव्हीच्या खालच्या कडेला बोटं फिरवली. बहुतेक नव्या टीव्हींना कंपनीच्या नावाखाली किंवा मागच्या बाजूला एक बटण असतं. काहींत ती चारही दिशांना ढकलता येणारी इवलीशी काडी असते. काकूंच्या टीव्हीला मात्र साधं एकच बटण होतं. स्टँडबायचा लाल दिवा लागलेला होता, म्हणजे वीज येत होती. (दिवाच नसेल तर आधी भिंतीवरचं बटण पाहावं.) एकदा दाबताच टीव्ही सुरू झाला, पण पडद्यावर ‘नो सिग्नल’. पुन्हा दाबल्यावर खाली आवाज, चॅनेल, सोर्स अशी चिन्हांची ओळ आली. खरी गोम इथे आहे: थोडं दाबलं की निवड पुढच्या चिन्हावर सरकते, दाबून धरलं की ते चिन्ह निवडलं जातं. घाईने टकटक करणारा माणूस नुसता गोल फिरत राहतो. सोर्सवर थांबून बटण धरून ठेवलं, मग सेटटॉप बॉक्सची वायर जिथे होती ते एचडीएमआय १ निवडलं, आणि मालिका लागली. वायफायचा पासवर्ड टाकण्यासारखी कामं या एका बटणावर होत नाहीत. मात्र टीव्ही भिंतीला चिकटवून बसवणाऱ्याला आधी बटण कुठे आहे ते विचाराच, कारण मागचं बटण भिंतीआड गेलं की बोट तिथे पोचतच नाही. माझ्या मते ते समोरच, खूण करून द्यायला हवं.