मुद्दल सुरक्षित, पण कोणाच्या भरवशावर?

शेजारच्या काकूंच्या दहा लाखांच्या एफडीची मुदत संपली आणि दुसऱ्याच दिवशी बँकेचा रिलेशनशिप मॅनेजर घरी हजर! ‘काकू, एफडीसारखंच आहे. मुद्दल सुरक्षित, वर ४० महिन्यांत ३० टक्के.’ काकू सहीच करणार होत्या. मी म्हटलं, आधी कागद तर वाचू.

मैत्रिणींनो, कागदावर बँकेचं नाव नव्हतंच! होतं एका फायनान्स कंपनीचं. मार्केट लिंक्ड डिबेंचर म्हणजे त्या कंपनीला आपण दिलेलं कर्ज. बँक फक्त विकणारी, कमिशन घेणारी. कंपनीच अडचणीत आली, तर ‘सुरक्षित’ मुद्दलही अडकतं. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, तो इथे नाही.

बरं, ते ३० टक्केही अटीवरच. शेवटी निफ्टी सुरुवातीच्या ७५ टक्क्यांखाली असेल, तर फक्त मुद्दल परत. म्हणजे सव्वातीन वर्षांहून जास्त काळ पैसे बिनव्याजी! आणि ३० टक्के मिळालेच, तरी चक्रवाढीने वर्षाला जेमतेम सव्वाआठ पडतात. त्यावर कर आपल्या स्लॅबप्रमाणे. पूर्वीची दहा टक्क्यांची सवलत एप्रिल २०२३ पासून गेली, हे मॅनेजरसाहेब बोललेच नाहीत.

मी विचारलं, ‘काकूंना मध्येच ऑपरेशनला पैसे लागले तर?’

‘विकता येतात की.’

‘कोणाला, आणि काय भावाने? तेवढं लिहून द्या.’

‘वरिष्ठांना विचारून कळवतो,’ म्हणाला. महिना झाला, काकू अजून फोनची वाट बघताहेत. पैसे मात्र पुन्हा एफडीत आहेत.