घड्याळ दोन्हीकडचे पाहा

नांदेड-लातूरकडच्या बी.एड. झालेल्या आमच्या मुली-सुना हल्ली घरी बसून परदेशातल्या मुलांना उर्दू, गणित शिकवण्याच्या कामासाठी अर्ज करतात. बायोडेटा दाखवायला माझ्याकडे येतात तेव्हा मी पदव्यांच्या आधी वेळेची ओळ शोधते. बहुतेकींनी ती लिहिलेलीच नसते. लिहिली असेल तर "कधीही उपलब्ध" एवढेच. दोन लेकरे आणि सासू-सासरे असलेल्या घरात "कधीही" म्हणजे नेमके किती वाजता, हे छाननी करणाऱ्याला कळत नाही. तो त्या जागी शून्य धरतो किंवा अर्ज बाजूला ठेवतो.

असे अर्ज गुण देऊन तपासले जातात. पण गुण कसे मांडले, यावरच निवड फिरते. एक उदाहरण घेऊ. लंडनमधल्या मुलांना शाळा सुटल्यावर शिकवायचे आहे: सोमवार ते शुक्रवार, तिकडच्या दुपारी ४ ते ७, म्हणजे आठवड्याला १५ तास. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, म्हणून आपल्याकडे ही वेळ रात्री साडेनऊ ते साडेबारा होते. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे घेतात. त्यामुळे उन्हाळ्यात हाच वर्ग आपल्या साडेआठ ते साडेअकराला येतो. आपले घड्याळ मात्र बारा महिने तेच.

समजा, दोन अर्ज आले. नांदेडच्या बाई एम.एस्सी., बी.एड., आठ वर्षांचा अनुभव, संध्याकाळी ५ ते १० मोकळ्या. लातूरची मुलगी बी.ए., बी.एड., दोन वर्षांचा अनुभव, रात्री ८ ते १२ मोकळी. शिक्षण, अनुभव आणि भाषा यांना मिळून ८० गुण ठेवले आणि वेळेला २०. पहिल्या ८० पैकी नांदेडच्या बाईंना ७४ मिळाले, लातूरच्या मुलीला ५६.

आता हिवाळ्यातली सामाईक वेळ मोजू. दोन्ही सुरुवातींपैकी उशिराची घ्यायची, दोन्ही शेवटांपैकी लवकरचा घ्यायचा आणि मधले अंतर पाहायचे. नांदेडच्या बाईंचे साडेनऊ ते दहा, म्हणजे तीन तासांपैकी अर्धा तास. २० पैकी ३ गुण. लातूरच्या मुलीचे साडेनऊ ते बारा, म्हणजे अडीच तास. जवळपास १७ गुण. बेरीज केली तर ७७ विरुद्ध ७३. पहिला नंबर नांदेडचा, आणि त्या बाई रोज अर्धा तासच शिकवू शकणार!

चूक बेरजेत आहे. पदवीचे गुण वेळेची उणीव भरून काढू शकत नाहीत, कारण मूल समोर बसलेले असताना शिक्षिका नसेल तर तिची एम.एस्सी. उपयोगाची नाही. म्हणून वेळेने गुणावे. ७४ ला एक-षष्ठांशाने गुणले की १२ उरतात. ५६ ला पाच-षष्ठांशाने गुणले की ४७. याहून सोपे हवे असेल तर आधीच अट घालावी की दोन्ही ऋतूंत निदान दोन तास जुळलेच पाहिजेत, आणि त्यातून उरलेल्यांचीच पदवी पाहावी. उन्हाळ्यातसुद्धा नांदेडच्या बाईंचे दीडच तास जुळतात.

आता तेच दोन अर्ज दुबईच्या घरासाठी तपासा. दुबई आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे आहे आणि तिथे घड्याळ बदलत नाहीत. तिकडचे ४ ते ७ म्हणजे आपले साडेपाच ते साडेआठ. नांदेडच्या बाईंचे पूर्ण तीन तास जुळतात, ७४ गुण तसेच राहतात. लातूरच्या मुलीचा अर्धा तास जुळतो आणि तिचे ५६ चे ९ होतात. (आमच्याकडे अर्ज मात्र सगळीकडे एकच पाठवतात, झेरॉक्स काढल्यासारखा.)

लातूरच्या मुलीने आपली ओळ अशी लिहावी:

"उपलब्धता: सोमवार ते शुक्रवार, भारतीय वेळ रात्री ८ ते १२. लंडनची वेळ हिवाळ्यात दुपारी २:३० ते ६:३०, उन्हाळ्यात ३:३० ते ७:३०."

हिवाळ्यात शेवटचा अर्धा तास सुटतो, हे वाचणाऱ्याला लगेच दिसते. तो वर्ग अर्धा तास अलीकडे घेता येईल का ते विचारू शकतो, आणि नोव्हेंबरात अचानक भांडण होत नाही.

रमजानचेही आधीच लिहावे. पुढची काही वर्षे तो लंडनच्या हिवाळी वेळेतच येणार आहे. तेव्हा साडेनऊचा वर्ग आणि तरावीह जवळजवळ येतात, आणि साडेबारापर्यंत जागून पुन्हा सेहरीला उठायचे असते. तेवढ्या महिन्यापुरते रोज दोनच तास देता येत असतील तर "रमजानमध्ये आठवड्याला १० तास" असे स्पष्ट लिहावे. लंडनच्या घरी मुस्लिम मुले शिकत असतील तर त्यांचीही इफ्तारची वेळ त्याच सुमारास येते, तेव्हा वेळ बदलण्याचा विषय बहुधा त्यांच्याकडूनच निघेल.