आंबूस वास घासणीचा नव्हे, ओलाव्याचा

जुलै-ऑगस्टमध्ये महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या पट्ट्यात ओट्याचे फडके सकाळी पिळून टाकले तरी रात्रीपर्यंत ओलेच राहते. सांगली जिल्ह्यातील जत-आटपाडीकडे ऊन पडले की तेच फडके दोरीवर काही तासांत कडक वाळते. साबण तोच, भांडी तशीच. पण आंबूस वास पहिल्या घरात येतो. कारण ते घर अस्वच्छ असते असे नाही. त्या फडक्याला वाळायला वेळच मिळत नाही.

स्पंजच्या छिद्रांत आणि फडक्याच्या धाग्यांत तेल व अन्नाचे बारीक कण अडकतात. त्यात ओल मिळाली की जिवाणू वाढतात आणि तेलाचे विघटन करून वास सोडणारी आम्ले तयार करतात. जर्मनीतील फुर्टवांगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये वापरलेले १४ स्पंज तपासले. काही ठिकाणी एका घनसेंटिमीटरमध्ये पाच हजार कोटींपर्यंत जिवाणू आढळले. त्यांत ‘मोराक्सेला ऑस्लोएन्सिस’ हा जिवाणू मोठ्या प्रमाणात होता. नीट न वाळलेल्या कपड्यांना येणारा कुबट वास बऱ्याचदा याचाच असतो.

निरोगी माणसाला हा जिवाणू सहसा आजारी पाडत नाही. मात्र वास येतो याचा अर्थ फडके बराच काळ ओले आहे. त्याच ओलाव्यात कच्चे चिकन किंवा अंडे यांतून आलेले साल्मोनेलासारखे जंतूही तग धरतात आणि फडक्याबरोबर ताटवाट्यांवर पोहोचतात. तान्ही बाळे, वृद्ध आणि कर्करोगाचे उपचार घेणारे यांच्यासाठी हा धोका खरा आहे.

म्हणूनच लिंबू किंवा सोडा लावून नुसता वास घालवणे पुरेसे नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २००७ मध्ये खराब स्पंज एक मिनिट लिंबाच्या रसात किंवा साध्या पाण्यात आणि तीन मिनिटे ब्लीचच्या द्रावणात भिजवून पाहिले. जिवाणू ३७ ते ८७ टक्केच मेले. उरलेले काही तासांत पुन्हा वाढतात. उष्णतेने मात्र जवळजवळ सगळे मेले.

ब्लीच का कमी पडले, हे २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या सांगलीकरांना सहज समजेल. गाळ न काढता टीसीएल पावडर टाकली, तर क्लोरीन गाळावरच खर्ची पडतो. चिकट घासणीतही तेच होते. आधी साबणाने चिकटपणा काढावा, मगच जंतुनाशक वापरावे.

पाटणसारख्या गावातील पाच माणसांचे घर धरू. तिथे तीन सुती फडकी हवीत. रात्री वापरलेले फडके गरम पाणी आणि साबणाने चोळून धुवावे, जुन्या पातेल्यात पाणी खळखळू लागल्यापासून दहा मिनिटे उकळावे आणि पिळून पंख्याखाली एकपदरी पसरावे. नळावर घडी करून टाकलेले फडके आतून ओलेच राहते. दुसऱ्या दिवशी दुसरे फडके घ्यावे. पहिले अजून दमट असेल तर तिसरे. चिकन-मटणाचा ओटा पुसलेले फडके मात्र भांड्यांना न लावता थेट उकळायला टाकावे.

उकळणे शक्य नसेल, तर धुतलेले फडके एक लिटर पाण्यात चार टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट दोन छोटे चमचे घालून दहा मिनिटे बुडवावे आणि स्वच्छ पाण्यातून काढावे. या द्रावणात व्हिनेगर, लिंबू किंवा संडासचे ॲसिड कधीही मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

काथ्या किंवा तारेची घासणी झटकून उभी ठेवावी, साबणाच्या वाटीतील पाण्यात नव्हे. स्पंज पाच मिनिटे उकळता येतो. मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा तर पाण्याने चिंब करून एक मिनिट. कोरडा पेट घेऊ शकतो, आणि तार असलेली घासणी आत ठेवूच नये. बाहेर काढताना हात भाजणार नाही याची काळजी घ्यावी.

उष्णतेलाही मर्यादा आहे. जर्मनीतील त्या पाहणीत नियमित साफ केल्याचे सांगितलेले स्पंजही इतरांपेक्षा स्वच्छ नव्हते. त्यामुळे संशोधकांनी स्पंज आठवड्याला बदलण्याचा सल्ला दिला. फडक्याची परीक्षा सोपी आहे. उकळून पूर्ण वाळवलेले फडके पुन्हा भिजवताच आंबूस वास आला, तर तेल धाग्यांत मुरले आहे. ते फडके भांड्यांपासून दूर करून गाडी पुसायला द्यावे.