अनुदानाचा आकडा घटला म्हणजे खर्च घटला का?

नवी दिल्ली : केंद्रीय अर्थसंकल्प सादर झाला की अन्न, खते आणि इंधन या तीन प्रमुख अनुदानांची बेरीज त्याच दिवशी मथळ्यात येते. २०२५-२६ साठी ही बेरीज ३ लाख ८३ हजार ४०७ कोटी रुपये होती. त्यात अन्नासाठी २ लाख ३ हजार ४२० कोटी, खतांसाठी १ लाख ६७ हजार ८८७ कोटी आणि इंधनासाठी १२ हजार १०० कोटी रुपयांची तरतूद होती. तरतूद वाढली की सरकार उदार झाले आणि घटली की गरिबांच्या ताटातील घास काढला, असे निष्कर्ष लगेच निघतात. मात्र हे तिन्ही आकडे सरकार त्या वर्षात रोखीने किती रक्कम देणार एवढेच सांगतात. अनुदानाचा खरा भार किती, हा निराळा प्रश्न आहे आणि गेल्या काही वर्षांत या दोहोंत लाखो कोटींचे अंतर पडलेले आहे.

अन्न अनुदानाची पडताळणी सामान्य वाचकालाही करता येते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याचे लाभार्थी सुमारे ८० कोटी आहेत. प्रत्येकाला दरमहा पाच किलो, म्हणजे वर्षाला ६० किलो धान्य मिळते. हा हिशेब ४ कोटी ८० लाख टनांपर्यंत जातो. अंत्योदय कुटुंबांना दरमहा ३५ किलो धान्य असल्याने प्रत्यक्ष गरज याहून काहीशी अधिकच असते. खरेदी, वाहतूक, साठवणूक आणि व्याज धरून तांदूळ सरकारला किलोमागे चाळीस रुपयांच्या आसपास, तर गहू अठ्ठावीस ते तीस रुपयांच्या आसपास पडतो. सरासरी ३५ रुपये धरले तरी खर्च १ लाख ६८ हजार कोटींवर जातो. धान्य आता मोफत असल्यामुळे त्यातून वजा होण्यासारखे काही उरत नाही. अंत्योदयचे जादा धान्य आणि राखीव साठ्याचा सांभाळ मिळवला की दोन लाख कोटींच्या तरतुदीचा मेळ बसतो. २०२५-२६ चा आकडा म्हणूनच विश्वासार्ह वाटतो.

हीच कसोटी २०१९-२० ला लावून पाहण्याजोगी आहे. त्या वर्षी अन्न अनुदानासाठी मूळ तरतूद १ लाख ८४ हजार २२० कोटी रुपयांची होती. सुधारित अंदाजात ती १ लाख ८ हजार ६८८ कोटींवर आली. वर्षभरात ७५ हजार कोटींची बचत झाली, असे कागदावरून दिसते. परंतु लाभार्थी कमी झाले नव्हते, हमीभाव उतरले नव्हते आणि रास्त भाव दुकानांतील दोन-तीन रुपये किलोचा दरही तोच होता. मग ही रक्कम गेली कोठे?

ती भारतीय अन्न महामंडळाच्या खात्यावर कर्ज म्हणून गेली. सरकारने महामंडळाला अनुदानाची पूर्ण रक्कम देण्याऐवजी राष्ट्रीय अल्पबचत निधीतून कर्ज घेण्यास लावले. टपाल कार्यालयांतील बचत योजनांत नागरिक ठेवतात त्या पैशातून हा निधी उभा राहतो. कर्ज महामंडळाच्या नावावर असल्याने ते केंद्राच्या वित्तीय तुटीत धरले गेले नाही. खर्च मात्र झालेलाच होता. शिवाय या कर्जाचे व्याजही महामंडळाच्या खर्चात मिसळते आणि पुढे अनुदान म्हणून सरकारकडेच परत येते, त्यामुळे तूट लपवण्याचा हा मार्ग स्वस्त मुळीच नव्हता. मार्च २०२० अखेर या निधीचे महामंडळावरील कर्ज सुमारे अडीच लाख कोटी रुपयांवर पोहोचले होते.

पुढील वर्षी बांध फुटला. २०२०-२१ साठी मूळ तरतूद १ लाख १५ हजार ५७० कोटींची होती आणि प्रत्यक्ष खर्च ५ लाख ४१ हजार ३३० कोटी झाला. त्यातील काही भाग करोना काळात दिलेल्या जादा मोफत धान्याचा होता, पण फार मोठा भाग या जुन्या कर्जाच्या फेडीचा होता. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पीय भाषणात ही कर्जपद्धती बंद करण्याची घोषणा झाली. लेखांच्या पारदर्शकतेच्या दृष्टीने तो स्वागतार्ह निर्णय होता. मात्र त्या एका वर्षाशी तुलना करून नंतरच्या प्रत्येक तरतुदीला ‘अन्न अनुदानात निम्म्याहून अधिक कपात’ असे म्हणणे दिशाभूल करणारे आहे. अर्थसंकल्पाच्या व्यय विवरणात अर्थसंकल्पबाह्य कर्जांचे स्वतंत्र पत्रक असते. अनुदानाचा आकडा अचानक घसरलेला दिसला तर आधी ते पत्रक उघडावे.

खतांच्या बाबतीत गोष्ट थोडी वेगळी आहे. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची किंमत करांसह सुमारे २६६ रुपये ५० पैसे असून ती अनेक वर्षे बदललेली नाही. शेतकऱ्याचा दर स्थिर आणि नैसर्गिक वायूचा व आयात मालाचा दर अस्थिर, त्यामुळे मधला सारा चढउतार तिजोरीवर येतो. १ फेब्रुवारी २०२२ रोजी खतांसाठी १ लाख ५ हजार २२२ कोटींची तरतूद झाली. महिना उलटण्याच्या आत युक्रेन युद्ध पेटले. मे महिन्यात आणखी १ लाख १० हजार कोटी जाहीर करावे लागले आणि वर्षअखेर प्रत्यक्ष खर्च २ लाख ५१ हजार ३३९ कोटींवर गेला. त्या वर्षी शेतकऱ्याला युरिया अधिक मिळाला असा याचा अर्थ नाही. तोच युरिया देशाला महाग पडला.

डीएपीसारख्या स्फुरद-पालाशयुक्त खतांना २०१० पासून अन्नद्रव्यांच्या प्रमाणात ठराविक अनुदान मिळते. विक्रीदर ठरवण्याची मुभा कागदोपत्री कंपन्यांना आहे, व्यवहारात डीएपीची गोणी १,३५० रुपयांवर धरून ठेवलेली आहे. आंतरराष्ट्रीय भाव चढले आणि अनुदान त्या मानाने वाढले नाही, तर आयातदाराला प्रत्येक टनामागे तोटा होतो आणि तो माल मागवण्यात हात आखडता घेतो. येथे तरतुदीतील उणीव किमतीत दिसत नाही, ती टंचाईत दिसते. २०२४ च्या रब्बी पेरणीत पंजाब आणि हरियाणात डीएपीसाठी लागलेल्या रांगा याच्याच निदर्शक होत्या. १ जानेवारी २०२५ पासून टनामागे ३,५०० रुपयांचे विशेष साहाय्य पुढे चालू ठेवण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाला घ्यावा लागला.

इंधनाचा आकडा तिन्हींत सर्वांत लहान आहे. २०१२-१३ मध्ये हे अनुदान ९६ हजार कोटींहून अधिक होते. पेट्रोल जून २०१० मध्ये आणि डिझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये दरनियंत्रणातून मुक्त झाल्यावर ते आटले. त्याआधी तेल कंपन्यांना रोख रकमेऐवजी तेल रोखे दिले जात, म्हणजे त्या काळचे आकडेही पूर्ण नव्हते. आज या शीर्षाखाली मुख्यत्वे घरगुती गॅसचे अनुदान उरले आहे. तथापि सिलिंडरचा दर बाजारभावाखाली ठेवला की तोटा तेल कंपन्यांच्या ताळेबंदात साचतो आणि सरकार तो मागाहून भरून देते. ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपन्यांना २२ हजार कोटी रुपयांचे एकरकमी साहाय्य मंजूर झाले, तर त्या वर्षी इंधन अनुदानाखाली नोंदलेला प्रत्यक्ष खर्च ६,८१७ कोटी होता. ऑगस्ट २०२५ मध्ये अशाच तोट्यापोटी ३० हजार कोटी रुपये मंजूर झाले. ही रक्कम त्या वर्षीच्या इंधन अनुदानाच्या मूळ तरतुदीच्या जवळपास अडीच पट आहे आणि ती बारा हप्त्यांत द्यावयाची आहे.