माफी कुणाची, कशी?

जीमेलमध्ये पाठवलेली मेल मागे घ्यायला फार तर ३० सेकंद मिळतात. ते गेले की माफीच. पण लोक घाईने पुन्हा सगळ्यांना उत्तर धाडतात आणि खाली तो शेरा तसाच चिकटलेला! लांबलचक साखळीत ज्यांनी तो पाहिलाही नव्हता, तेही वाचतात. आमच्याकडे लग्नाच्या मेलांत एका भाच्याचं "मावशीला नुसतं मिरवायचंय" असंच सगळ्यांना गेलं. वर "गंमत केली हो!" मावशी त्या गंमतीनेच जास्त दुखावली. माझ्या मते आधी मावशीला फोन करावा, कारणं न देता. मग खालचा मजकूर पुसून सगळ्यांना एवढंच : "माझा शेरा अयोग्य होता. संबंधितांशी बोललो आहे. क्षमस्व."