आधी चेंडूशी ओळख होऊ द्या

नेऱ्यातल्या एका शाळेच्या मैदानावर शनिवारी सकाळी मी मुलांना बास्केटबॉल शिकवतो. मैदान म्हणजे मुरूम घातलेला चौकोन आणि दोन लोखंडी खांब. एका खांबाच्या रिंगला जाळी आहे, दुसऱ्याची कुणीतरी काढून नेली. समोर माथेरानचा डोंगर दिसतो, मागे नव्या सोसायट्यांच्या इमारती. पहिल्या शनिवारी छत्तीस मुलं आली. काही त्या इमारतींमधली होती, काही गावातली आणि सात-आठ आसपासच्या आदिवासी वाड्यांवरची.

त्याआधी वर्षभर इथे एक पाहुणे प्रशिक्षक येत. नाव सांगत नाही, कारण भांडण त्यांच्याशी नाही, त्यांच्या कल्पनेशी आहे. कल्पना अशी, की मुलांना कवायत नको, थेट खेळू द्या, खेळता खेळता ती शिकतात. शिट्टी वाजली की पाच विरुद्ध पाच. मी एक दिवस बाकावर बसून पाहिलं. पंधरा मिनिटांच्या त्या सामन्यात सातवीतली एक मुलगी मैदानावर होती. इतकी चपळ, की लंगडीत तिला पकडणं अवघड. त्या पंधरा मिनिटांत तिच्या हाताला चेंडू एकदाही लागला नाही. एकदा तिच्याकडे आला तेव्हा इमारतीतल्या एका मुलाने मधेच झडप घातली. त्याच्याकडे स्वतःचा चेंडू होता, पायात चांगले बूट होते आणि पनवेलला दोन वर्षं क्लास झाला होता. सामन्यानंतर प्रशिक्षक म्हणाले, "बघा, मुलं किती एन्जॉय करतायत." करत होती, चार जण.

साधा हिशोब करू. दहा जण, एक चेंडू, पंधरा मिनिटं. चेंडू एका वेळी एकाच्याच हातात असतो. अगदी न्यायाने वाटला आणि एकदाही बाहेर गेला नाही, तरी एकेकाच्या वाट्याला दीड मिनिट येतं. न्यायाने तो कधीच वाटला जात नाही. ज्याला येतं त्याच्याकडे जातो, म्हणून त्याला आणखी येतं. तासाच्या चाळीस मिनिटांत असे दोन सामने झाले तरी छत्तीसपैकी सोळा मुलं कडेला टाळ्या वाजवत असतात.

आता माझी पद्धत. बारा चेंडू, तिघांत एक. मैदानाचे फक्कीने चार भाग करायचे, प्रत्येक भागात नऊ मुलं. सहा मिनिटांनी शिट्टी, एका मिनिटात जागा बदलायची. चार थांबे, चोवीस मिनिटं. तिघांत एक चेंडू म्हणजे प्रत्येकाच्या हातात आठ मिनिटं, आणि तीही कुणी हिसकावून घेणार नाही अशी. दीड आणि आठ यांतला फरक मला कुठलाही सिद्धांत सांगून पटवावा लागत नाही.

पहिल्या थांब्यावर जागेवर उभं राहून ड्रिबल. गुडघे वाकलेले, चेंडू कमरेच्या वर नाही, आधी उजवा हात मग डावा. नवशिकी मुलं चेंडूला चापट मारतात. थप्प थप्प असा आवाज येतो आणि चेंडू वाटेल तिकडे उडतो. चेंडू मारायचा नसतो, बोटांनी खाली ढकलायचा असतो. हे सांगून कळत नाही, पण मुरुमाच्या मैदानाचा एक फायदा आहे. दोन मिनिटांनी म्हणायचं, "हात दाखवा." बोटांची पेरं धुळीने माखलेली आणि तळव्याचा मधला खळगा स्वच्छ असेल तर जमतंय. पूर्ण तळवा लाल असेल तर चापट. मुलं मग एकमेकांचे हात स्वतःच तपासू लागतात.

दुसऱ्या थांब्यावर विटा आणि चपला एकाआड एक ठेवून त्यांच्यामधून ड्रिबल करत चालायचं, पळायचं नाही. वळताना हात बदलायचा. तिसऱ्यावर तीन-चार पावलांवर समोरासमोर उभं राहून छातीपासून पास. एक पाऊल पुढे टाकत दोन्ही हातांनी ढकलायचं आणि सोडल्यावर अंगठे जमिनीकडे वळलेले दिसले पाहिजेत. टप्पा पास असेल तर टप्पा दोघांच्या मधोमध न पडता, घेणाऱ्याकडच्या बाजूला, साधारण दोन तृतीयांश अंतरावर पडला पाहिजे. मधोमध पडला की चेंडू दमून पोचतो. चौथ्या थांब्यावर पास झेलायचा, दोन्ही पायांवर एकदम थांबायचं, एक पाय रोवून दुसऱ्याने वळायचं आणि पास परत द्यायचा. चेंडू धरून चालल्याचा नियमभंग नवशिक्यांकडून सर्वांत जास्त होतो. तो टाळायला मी त्यांना नियम वाचून दाखवत नाही, हा थांबा देतो.

या सगळ्यात समोर बचाव करणारा कुणी नसतो, आणि टीका नेमकी त्यावरच आहे. ती टीका हवेतली नाही. इंग्लंडमध्ये 1982 साली बंकर आणि थॉर्प या दोघांनी मांडलं, की शाळांमध्ये मुलं तासन्‌तास तंत्र घोटतात आणि सामन्यात मात्र काय करायचं ते त्यांना कळत नाही. बरोबरच होतं. मी स्वतः अशा रांगांमध्ये वाढलो आहे. अठरा मुलं, एक चेंडू, एकेकाने जाऊन यायचं आणि पुन्हा शेपटीला उभं राहायचं. तेही ड्रिल आणि माझे थांबेही ड्रिल, पण दोन्ही एकाच नावाने झोडपणं म्हणजे पोळपाटाचा दोष लाटण्यावर घालणं. शिवाय बंकर-थॉर्प यांनी नवशिक्यांना पूर्ण सामन्यात ढकला असं म्हटलंच नव्हतं. त्यांचे खेळ छोटे केलेले, मुलांना झेपतील असे बदललेले होते. आपल्याकडे त्यांचं अर्धं वाक्य आलं. 'खेळू द्या' एवढंच ऐकलं गेलं, कारण त्यात शिकवणाऱ्याला चुना आणून फक्की मारावी लागत नाही.

दुसरा युक्तिवाद गल्ली क्रिकेटचा. ते कुणी शिकवलं? कबड्डी कुणी शिकवली? कबड्डीत हाताळायचं साधन म्हणजे स्वतःचं अंग, आणि त्याची ओळख मुलाला चालायला लागल्यापासून असते. गल्ली क्रिकेटमध्ये तर पाळीच ठरलेली आहे. दादा कितीही दांडगा असला तरी आउट झाला की बॅट पुढच्याकडे. तिथे शिकण्याची संधी खेळाच्या रचनेतच वाटलेली असते. बास्केटबॉलमध्ये आउट होणं नाही. चेंडू ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून तो काढून घ्यावा लागतो, आणि ज्याला अजून धरताच येत नाही त्याने तो काढायचा कसा?

जेम्स नेस्मिथने डिसेंबर 1891 मध्ये स्प्रिंगफील्डला हा खेळ पहिल्यांदा खेळवला तेव्हा नऊ-नऊ जणांचे दोन संघ थेट मैदानात उतरले होते, असं एकाने मला सुनावलं. हो, उतरले होते. ते खेळाडू मोठे पुरुष होते, इतर मैदानी खेळ खेळून हात बसलेले. आणि मुख्य म्हणजे त्या मूळ खेळात ड्रिबल नव्हतंच. चेंडू घेऊन पळायचं नाही, झेलला तिथूनच टाकायचा. आज ज्या कौशल्यापाशी माझी निम्मी मुलं अडतात, ते त्या सामन्यात कुणाला लागतच नव्हतं.

आता माझ्या बाजूचं दुखणंही सांगतो. थांब्यांवर जास्त रेंगाळलं की ते विष होतं. वीट हिसकावत नाही. विटांमधून सुंदर जाणारा मुलगा समोर माणूस आला की चेंडू पोटाशी धरून उभा राहतो, हे मी पाहिलं आहे. पासचं तर आणखी वाईट. उभ्या जोडीदाराला टाकलेला चेंडू म्हणजे दुकानदाराने दिलेली सुट्टी नाणी. पास म्हणजे कुणाला, कधी, कुठल्या बाजूने, आणि हे प्रश्न तिसरा माणूस मधे आल्याशिवाय उभेच राहत नाहीत. म्हणून माझ्याकडे बचावाविना पास दोन शनिवारच, ड्रिबल मात्र परीक्षा उतरेपर्यंत.

परीक्षा अशी. मुलाने कमजोर हाताने वीस सेकंद ड्रिबल करायचं. समोरचा त्या वेळात पाच वेळा बोटं दाखवतो, आकडा मोठ्याने सांगायचा. पाचपैकी चार बरोबर आणि चेंडू एकदाही सुटला नाही, तर पुढे. आकडा चुकला म्हणजे डोळे चेंडूवर आहेत. अशा मुलाला सामन्यात टाकलं तर त्याला जोडीदार दिसणार नाही, आणि मग आपण म्हणणार की हा स्वार्थी खेळतो. तो स्वार्थी नसतो, त्याचं लक्ष सगळं जमिनीवर खर्च झालेलं असतं.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. पहिल्या शनिवारी तिचा पूर्ण तळवा लाल. तिच्या हातात मोठ्या पुरुषांच्या मापाचा, सात नंबरचा चेंडू होता. सहाशे ग्रॅमच्या आसपास वजन, आणि मुरुमावर तो आधीच कमी उसळतो. तिला पाच नंबरचा दिला, जो साधारण शंभर ग्रॅमने हलका. तळव्याचा खळगा दुसऱ्या शनिवारी स्वच्छ दिसला. तिसऱ्या शनिवारी पाऊस असल्याने आम्ही शाळेच्या व्हरांड्यात फरशीवर जागेवरचं ड्रिबल आणि भिंतीवर पास एवढंच केलं. चौथ्या शनिवारी डाव्या हाताने पाचपैकी तीन आकडे. पाचव्या वेळी चार.

मग मधे माणूस आला, पण हात पाठीमागे बांधून. तो फक्त वाट अडवतो. पुढे हात मोकळे, पाच पावलांच्या चौकोनात तिघं बाहेर आणि एक मधे, पास अडवला गेला की टाकणारा मधे जातो. इथे मुलांना पहिल्यांदा कळतं की आपण ज्याच्याकडे बघतो त्यालाच पास देतो, हे मधल्याला आधीच समजतं. त्यानंतर तीन विरुद्ध तीन, अर्ध्या मैदानात, ड्रिबलला बंदी. म्हणजे नेस्मिथचाच खेळ, फक्त आता हात बसलेले. सातव्या शनिवारी ड्रिबल मोकळं केलं. क्लासवाला मुलगा तिच्या अंगावर झेपावला, ती डाव्या हाताने बाजूला सरकली आणि रिंगखालच्या मुलीला टप्पा पास दिला. त्या मुलीने रिंगलाही न लागेल असा चेंडू मारला. "सर, मोजायचा का?" तिने विचारलं. कशाचं मोजायचं कळेना, म्हणून मी पास मोजला.

पाच विरुद्ध पाच आम्ही अजून खेळलेलो नाही. त्यावरून पालकांच्या तक्रारी येतात, विशेषतः इमारतींकडून. त्यांच्या मुलांना तीन विरुद्ध तीनमध्ये चेंडू कमी मिळतो असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ते खरं आहे. मागच्या महिन्यात एका भल्या गृहस्थांनी सामन्यासाठी नंबर घातलेल्या जर्सी देऊ केल्या. मी त्यांना सांगितलं, जर्सी राहू देत, त्या पैशांत पाच नंबरचे जितके चेंडू येतील तितके द्या आणि जमल्यास दुसऱ्या रिंगला जाळी. ते अजून विचार करतायत.