पाकिटावरचा 'नंबर १' खोडून टाका



सध्या हळद थेट ग्राहकाला विकणाऱ्या गटांची पाकिटं बघतोय. चांगली गोष्ट आहे, पावडर करून विकली की चार पैसे जास्त राहतात. पण प्रत्येक पाकिटावर त्याच तीन ओळी. 'महाराष्ट्रात नंबर १.' 'भारतातली सर्वात जास्त कुरकुमिन असलेली हळद.' 'सर्वात जलद घरपोच.' दहा गट, दहाही नंबर एक. मग दोन नंबरवर आहे तरी कोण?

हटकलं की उत्तर ठरलेलं: "मोठ्या कंपन्या लिहितात, आपण लिहिलं तर काय बिघडलं?" आज त्यावरच बोलू, कारण ही समजूत चुकीची आहे.

मोठ्या कंपन्या लिहितात आणि पकडल्याही जातात. सेन्सोडाइन टूथपेस्टची 'जगातली नंबर १' आणि 'जगभरातल्या डेंटिस्टांची शिफारस' ही जाहिरात २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने, म्हणजे सीसीपीएने, बंद करायला लावली आणि १० लाखांचा दंड केला. कंपनीने शिफारशीच्या पुराव्यादाखल दोन सर्व्हे दाखवले होते. ते सर्व्हे केले होते फक्त भारतातल्या डेंटिस्टांमध्ये. दावा जगाचा, कागद भारताचा. दावा पडला तो तिथेच.

इथे एक फरक नीट समजून घ्या. 'आमची हळद लय भारी', 'स्वयंपाकघराची शान' असं लिहिलं तर कुणी पुरावा मागत नाही. ती नुसती फुशारकी आहे, ऐकणाऱ्यालाही ते कळतं. 'उत्तम चव' हेही साधारण त्यातच मोडतं. पण जी गोष्ट मोजता येते तिच्याबद्दल बोललात की ते विधान होतं, आणि विधानाला पुरावा लागतो. 'नंबर १', 'सर्वात जास्त', 'सर्वात जलद' ह्या सगळ्या मोजायच्या गोष्टी. ओळ लिहिताना चार प्रश्न विचारा: कशात? कुठे? कधी? कुणी मोजलं? चारपैकी एकाचंही उत्तर कागदावर नसेल तर ओळ खोडा.

आता आपल्या तीन ओळी ह्या चाळणीतून काढू.

'महाराष्ट्रात नंबर १.' कशात? विक्रीत म्हणावं, तर राज्यातल्या सगळ्या हळद विकणाऱ्यांचे विक्रीचे आकडे तुमच्याकडे हवेत. ते नाहीत आणि मिळणारही नाहीत. त्याऐवजी जे खरंच तुमचं आहे ते लिहा: 'अमुक गावच्या १४ शेतकऱ्यांची हळद, गावातच शिजवून, वाळवून, दळलेली.' हे कुणी खोडू शकत नाही, आणि दुसरा कुणी चोरूही शकत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. पण ते नाव आणि चिन्ह पाकिटावर टाकायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. नोंदणी असेल तर 'नंबर १' पेक्षा ते हजारपट वजनदार आहे. नसेल तर आधी नोंदणी करा, मग छापा.

'भारतातली सर्वात जास्त कुरकुमिन असलेली हळद.' हे तर सगळ्यात सोपं पाडता येतं. आपल्याकडे बहुतेकांचा वाण सेलम. त्यात कुरकुमिन साधारण तीन-चार टक्क्यांच्या घरात मिळतं. मेघालयातली लाकाडोंग हळद सात टक्क्यांच्या आसपास आणि त्याच्याही वर जाते, तिलाही जीआय आहे. म्हणजे गिऱ्हाइकाने मोबाईलवर एक शोध घेतला की तुमचं पाकीट खोटं ठरलं. मग तो वजनावर आणि शुद्धतेवर तरी का विश्वास ठेवेल?

इथे लिहायची ओळ अशी: 'बॅच क्रमांक ३, तपासणी मार्च, कुरकुमिन ३.८ टक्के.' आकडा मी उदाहरणाला घेतलाय, तुमचा तुमच्या रिपोर्टमधून घ्या. रिपोर्ट एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबचा हवा. नमुना एकाच चांगल्या पोत्यातून काढू नका, बॅचच्या सगळ्या पोत्यांमधून थोडी थोडी पावडर घेऊन ती मिसळा आणि त्यातून पाठवा. कारण रिपोर्टवर लिहिलेलंच असतं की निकाल फक्त दिलेल्या नमुन्यापुरता आहे. गेल्या वर्षीचा रिपोर्ट यंदाच्या मालाला लावणं ही तर सर्रास चालणारी लबाडी आहे. वाण, वाळवण, साठवण यांनी आकडा हलतो. म्हणून बॅच बदलली की आकडा बदला. आणि शेजारच्या गटाच्या आकड्याशी तुलना करायची तर दोघांची तपासणीची पद्धत एकच आहे का ते बघा. वेगवेगळ्या पद्धतीने काढलेले आकडे शेजारी मांडून उपयोग नाही.

'सर्वात जलद घरपोच.' कुणापेक्षा? कुरिअर तुमच्या हातात नाही, घाटात गाडी अडकली की तुम्ही काय करणार? रॅपिडोने 'पाच मिनिटांत ऑटो, नाहीतर ५० रुपये' अशी जाहिरात केली. प्रत्यक्षात रोख रुपये नव्हते, कॉइन होते, तेही सात दिवसांत फक्त बाईकच्या फेरीला वापरायचे. अटी बारीक अक्षरात. २०२५ मध्ये सीसीपीएने १० लाखांचा दंड केला. आपण जे आपल्या हातात आहे तेवढंच कबूल करावं: 'दुपारी १२ पर्यंतची ऑर्डर त्याच दिवशी कुरिअरला देतो.' पावतीवर तारीख असते, तोच पुरावा.

काहीजण म्हणतील, ओळ मोठी ठेवू आणि खाली फुली मारून बारीक अक्षरात अटी टाकू. २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या नियमांनी ती पळवाटही बुजवलीय. खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फाँटमध्ये, ठळक दिसेल असा हवा, आणि खोट्या दाव्याला खुलाशाने खरं करता येत नाही. वर मराठीत 'नंबर १' आणि खाली इंग्रजीत अटी, हे चालत नाही. नियम टीव्हीपुरते नाहीत, आपल्या पेजवरच्या पोस्टलाही लागू आहेत.

उद्या तुमच्या दारात कुणी नोटीस घेऊन येईल असं मी म्हणत नाही. लहान विक्रेत्यापर्यंत यंत्रणा क्वचित पोचते. माझा मुद्दा वेगळा आहे. 'तीन दिवसांत रिझल्ट, एक नंबर टॉनिक' असं बाटलीवर वाचून पैसे घालवलेले आपणच ना? तेव्हा आपण दुकानदाराला विचारतो, "कुठल्या प्लॉटवर, कुणी मोजलं?" तोच प्रश्न आपल्या गिऱ्हाइकाला विचारायचा हक्क आहे. टॉनिकवाल्याला एक नियम आणि आपल्याला दुसरा, हे जमणार नाही.

'सर्वात' आणि 'नंबर' हे दोन शब्द पाकिटावरून काढा. त्या जागेत गाव, वाण, बॅच आणि तपासलेला आकडा मावतो. पुढची छपाई द्यायच्या आधी मजकूर चार प्रश्नांतून काढा, आणि जुनी पाकिटं उरली असतील तर त्या ओळीवर बॅचचं स्टिकर चिकटवा.